एक काम लांबलं की शेवटची तारीख किती सरकते? नव्या व्हीएमसी मशीनच्या वेळापत्रकावरून समजून घ्या क्रिटिकल पाथ

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये नवं व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारं मशीन यायचं ठरलं, की मालकाचा प्रश्न एकच असतो: ग्राहकाने मंजूर केलेला पहिला नग कधी निघेल? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी दोनपैकी एका पद्धतीने दिलं जातं. एक तर सगळ्या कामांचे दिवस सरळ बेरीज करून भलीमोठी तारीख सांगतात, नाहीतर सगळ्यात मोठं काम पकडून त्यात अंदाजे आठवडाभर मिसळतात. दोन्ही उत्तरं चुकतात, कारण काही कामं एकमेकांच्या शेजारी चालतात आणि काही एकमेकांची वाट बघतात. कोण कोणाची वाट बघतंय हे मांडलं, की शेवटची तारीख कुठल्या कामांच्या हातात आहे ते दिसतं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या कामांच्या सगळ्यात लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात.

खाली एका मशीनची उभारणी शेवटपर्यंत आकड्यांत सोडवून दाखवली आहे. दिवस उदाहरणापुरते आहेत. तुमच्या मशीनचे, कंत्राटदाराचे आणि ग्राहकाचे दिवस तुम्ही घालायचे. शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी कामं लिहा, तारखा नंतर

पहिली पायरी म्हणजे यादी. प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: काम किती दिवसांचं आहे, आणि ते सुरू व्हायला आधी काय पूर्ण असावं लागतं. या टप्प्यावर कॅलेंडर उघडू नका. तारीख डोळ्यासमोर आली की माणूस दिवस तिच्यात बसवायला लागतो.

| काम | दिवस | आधी काय पूर्ण हवं |
|---|---|---|
| ऑर्डर पक्की करून पायाचं ड्रॉइंग मिळवणे | 5 | काही नाही |
| शेडमधली जागा मोकळी करणे | 3 | काही नाही |
| पाया: खोदकाम, सळी, काँक्रीट | 6 | ड्रॉइंग, जागा |
| क्युरिंग | 21 | पाया |
| मशीन तयार होऊन शेडवर पोहोचणे | 30 | ऑर्डर |
| महावितरणकडून लोडवाढ | 20 | काही नाही |
| केबल, पॅनेल, अर्थिंग | 5 | लोडवाढ |
| फिक्स्चर बनवणे | 28 | ऑर्डर |
| मशीन पायावर घेणे, लेव्हलिंग, कमिशनिंग | 4 | क्युरिंग, मशीन, केबल |
| ट्रायल कटिंग | 3 | कमिशनिंग, फिक्स्चर |
| पहिल्या नगाची तपासणी व ग्राहकाची मंजुरी | 5 | ट्रायल |

तिसऱ्या रकान्यावर सगळा खेळ आहे, म्हणून तो भरताना घाई नको. नवखा माणूस तिथे दोन प्रकारे फसतो. एक म्हणजे नसलेलं अवलंबन लिहितो. उदाहरणार्थ, 'फिक्स्चर मशीन आल्यावर करू'. फिक्स्चर म्हणजे कटिंगच्या वेळी नग टेबलावर घट्ट धरणारी बैठक. फिक्स्चर करायला मशीनच्या टेबलाची मापं, टी-स्लॉटचं अंतर आणि कास्टिंगचा नमुना लागतो. मशीन समोर असायची गरज नाही. मापं ऑर्डरसोबत मिळतात. फिक्स्चर मशीनच्या मागे लावलं तर ते दिवस 63 ला संपेल आणि प्रकल्प 47 ऐवजी 71 दिवसांचा होईल, तोही विनाकारण.

दुसरी चूक उलटी आणि जास्त महाग: असलेलं काम यादीतच नसतं. क्युरिंग हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पाया भरला की कंत्राटदाराच्या हिशोबात काम संपलं, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं. पण ओल्या पायावर काही टनांचं मशीन ठेवता येत नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला आयएस 456 प्रमाणे किमान 7 दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि काँक्रीटची ताकद मोजली जाते ती 28 दिवसांची. मधल्या कोणत्या दिवशी वजन ठेवायचं हे मशीन बनवणारे आणि तुमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतात. इथे 21 धरले आहेत. या दिवसांत माणूस फारसा राबत नाही, मजुरी लागत नाही, म्हणून ते कोणाच्याच यादीत येत नाहीत. वाट बघणं हेही काम धरायचं. फाउंडेशन बोल्टच्या खड्ड्यांत ग्राउट भरून ते घट्ट व्हायला लागणारे दिवसही असेच गळतात. आपल्या उदाहरणात ते चार दिवसांच्या कमिशनिंगमध्ये धरले आहेत. तुमच्या मशीनला जास्त लागत असतील तर वेगळी ओळ करा.

पुढून मोजणी: सगळ्यात लवकर केव्हा

आता दुसरी पायरी. नियम एवढाच: एखादं काम सुरू होतं ते त्याच्या आधीच्या कामांपैकी सगळ्यात उशिरा संपणारं काम संपल्यावर. 'दिवस 5 ला संपलं' म्हणजे पाचव्या दिवशी संध्याकाळी संपलं, पुढचं काम सहाव्या दिवशी सकाळी सुरू. हिशोबात मात्र दोन्हीकडे 5 च लिहायचं, म्हणजे बेरजेत एकेक दिवसाची गल्लत होत नाही.

ड्रॉइंग दिवस 5 ला हातात येतं. जागा दिवस 3 लाच मोकळी आहे, पण ड्रॉइंगशिवाय खोदता येत नाही, म्हणून पाया 5 ला सुरू होऊन 11 ला संपतो. त्यावर 21 दिवस क्युरिंग, म्हणजे 32. तिकडे मशीन 5 पासून 30 दिवस घेऊन 35 ला शेडवर येतं. लोडवाढ 20 ला, केबल 25 ला. फिक्स्चर 5 पासून निघून 33 ला तयार.

मशीन पायावर घ्यायचं काम तीन गोष्टींची वाट बघतं: पाया 32 ला, मशीन 35 ला, वीज 25 ला. सगळ्यात उशिराचा आकडा 35, म्हणून उभारणी 35 ला सुरू आणि 39 ला संपली. ट्रायलला कमिशनिंग 39 आणि फिक्स्चर 33 हवेत, म्हणजे 39 ला सुरुवात, 42 ला शेवट. मंजुरी 47 ला.

सगळ्या कामांचे दिवस सरळ मिळवले असते तर 130 आले असते. सगळ्यात मोठं काम 30 दिवसांचं. खरं उत्तर 47, आणि ते यातल्या कशावरूनही अंदाजाने निघत नाही.

मागून मोजणी: कोणाला किती सवड

तिसऱ्या पायरीत शेवटापासून उलट यायचं. प्रश्न बदलतो: दिवस 47 न हलवता हे काम जास्तीत जास्त किती उशिरा संपलं तर चालेल? इथे नियमही उलटा होतो. एका कामावर अनेक कामं अवलंबून असतील, तर त्यांच्यापैकी ज्याला सगळ्यात आधी सुरू व्हायलाच हवं त्याचा आकडा घ्यायचा.

मंजुरी 47 ला संपायची तर 42 ला सुरू हवी, म्हणजे ट्रायल 42 पर्यंत संपलं पाहिजे आणि 39 ला सुरू झालं पाहिजे. उभारणी 39 पर्यंत, म्हणून 35 ला सुरू. आता उभारणीच्या आधीची तिन्ही कामं 35 पर्यंत चालतील. मशीन 35 लाच येतं, त्याला सवड शून्य. क्युरिंग 32 ला संपतं, सवड 3 दिवस. केबल 25 ला, सवड 10. फिक्स्चर ट्रायलआधी म्हणजे 39 पर्यंत चालतं, ते 33 ला तयार आहे, सवड 6. ही सवड म्हणजेच फ्लोट.

ऑर्डरच्या कामापुढे तीन वाटा फुटतात. पाया उशिरात उशिरा 8 ला सुरू होऊ शकतो, फिक्स्चर 11 ला, पण मशीनचे 30 दिवस 5 लाच मोजायला सुरुवात व्हावी लागते. तिघांत लहान आकडा 5, म्हणून ऑर्डरलाही सवड शून्य.

शून्य सवडीची कामं ओळीने वाचा: ऑर्डर, मशीन येणे, उभारणी, ट्रायल, मंजुरी. 5 + 30 + 4 + 3 + 5 = 47. हा झाला क्रिटिकल पाथ. ताळा असा करायचा: शून्य फ्लोटच्या कामांची साखळी सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग असली पाहिजे आणि तिची बेरीज एकूण दिवसांएवढी आली पाहिजे. मध्येच तुटत असेल तर एखादं अवलंबन लिहायचं राहिलंय, किंवा कोणीतरी एखाद्या कामाला हाताने तारीख टाकून ठेवलीय.

हे एक्सेलमध्ये एकदा बसवलं की पुढे दिवस बदलला की सगळं आपोआप हलतं. दुसऱ्या ओळीपासून वरच्याच क्रमाने कामं लिहा. B मध्ये दिवस, D सुरुवात, E शेवट, F आणि G मध्ये उशिरात उशिरा सुरुवात व शेवट, H मध्ये फ्लोट.

```
D2:  =0
D4:  =MAX(E2,E3)
D10: =MAX(E5,E6,E8)
E2:  =D2+B2
G12: =E12
G10: =F11
G2:  =MIN(F4,F6,F9)
F2:  =G2-B2
H2:  =G2-E2
```

E, F, H ची सूत्रं खाली ओढायची. D आणि G ची मात्र प्रत्येक ओळीत अवलंबनाप्रमाणे हाताने लिहावी लागतात. ज्यांच्याआधी काही नाही अशा ओळींत D मध्ये 0. अकरा ओळींपर्यंत हे पुरतं. पन्नासच्या पुढे गेलात तर प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर घ्या, कारण हाताने लिहिलेल्या सूत्रात एक चुकलं की ते सापडत नाही.

ही पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या लोकांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी बसवली. तेव्हापासून गणित हेच आहे. सॉफ्टवेअर नुसतं पटपट करतं.

पाया पाच दिवस लांबला

आता मूळ प्रश्न. समजा खोदताना जुन्या शेडचा एक पाया लागला, तो फोडण्यात आणि नव्याने सळी बांधण्यात पाच दिवस गेले. कंत्राटदार म्हणतो, "मालक, पाच दिवस तर पाच दिवस, त्यात काय एवढं, भरून काढू की." शेवटची तारीख किती सरकेल?

पाच नाही, आणि शून्यही नाही. पाया 16 ला संपतो, क्युरिंग 37 ला. मशीन 35 लाच येऊन उभं आहे, पण पाया तयार नाही. उभारणी 37 ला सुरू, 41 ला संपली, ट्रायल 44, मंजुरी 49. शेवट दोन दिवसांनी सरकला. पाचपैकी तीन दिवस फ्लोटने गिळले, उरलेले दोन शेवटच्या तारखेपर्यंत पोहोचले. उशीर वजा फ्लोट, हा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. उत्तर ऋण आलं तर शेवट हलत नाही.

दोन दिवसांपेक्षा मोठी गोष्ट मात्र दुसरीच घडली. क्रिटिकल पाथ बदलला. आता सगळ्यात लांब साखळी ऑर्डर, पाया, क्युरिंग, उभारणी, ट्रायल, मंजुरी अशी आहे: 5 + 11 + 21 + 4 + 3 + 5 = 49. कालपर्यंत ज्या मशीनच्या मागे रोज फोन चालले होते, त्याला आता दोन दिवसांची सवड आली. फिक्स्चरची सवड सहावरून आठ झाली, केबलची दहावरून बारा. या टप्प्यावर मशीनवाल्यांना जास्तीचं भाडं देऊन ट्रक लवकर काढायला लावला, तर मशीन शेडच्या दारात ताडपत्रीखाली दोन दिवसांपेक्षाही जास्त पडून राहील, एवढंच. म्हणून भिंतीवर लाल रंगाने एकदा रंगवलेला क्रिटिकल पाथ महिनाभर तसाच ठेवू नये.

समजा त्याच काळात मशीनही चार दिवसांनी उशिरा निघालं. पायाचे दोन आणि मशीनचे चार, मिळून सहा? नाही. मशीन 39 ला येतं, पाया 37 ला तयार होतो, उभारणी 39 ला सुरू, मंजुरी 51 ला. एकूण उशीर चारच दिवस. दोन साखळ्या शेजारी चालत असतील तर जिचा उशीर शेवटपर्यंत जास्त पोहोचतो तिचाच धरला जातो. एकाच साखळीत पाठोपाठच्या कामांचे उशीर मात्र एकमेकांत मिळवायचे: फक्त पाया पाच दिवस आणि पुढे ट्रायल तीन दिवस लांबलं, तर 49 + 3 = 52.

आणखी एक जागा निसरडी आहे. पहिल्या हिशोबात पायालाही फ्लोट 3 आणि क्युरिंगलाही फ्लोट 3 दिसतो. हे सहा दिवस नाहीत. तेच तीन दिवस दोन ओळींत दोनदा दिसतात, कारण फ्लोट त्या साखळीचा सामाईक असतो. पायावाल्याने ते वापरले की क्युरिंगचे आपोआप संपले. म्हणून कंत्राटदाराला फ्लोटचा आकडा सांगूच नका, त्याला त्याची तारीख सांगा. आकडा सांगितला की तो पहिल्या दिवशीच खर्च होतो.

दिवस वाचवायचे तर कुठे

ग्राहक मागे लागतो: 47 नको, 42 द्या. पहिला नियम असा की क्रिटिकल पाथबाहेरच्या कामावर ओव्हरटाइम घालून एक तासही वाचत नाही. उद्यमनगरातल्या फिक्स्चरवाल्याला दोन पाळ्यांत काम करायला लावून 28 चे 20 दिवस केले, तरी शेवट 47 च राहतो. फिक्स्चर 25 ला येऊन कपाटात पडेल.

दुसरा नियम कमी लोकांना ठाऊक असतो. क्रिटिकल पाथवरही वाचवलेले सगळे दिवस मिळतीलच असं नाही. समजा मशीन बनवणारे म्हणाले, तयार स्टॉकमधलं मशीन देतो, 30 ऐवजी 24 दिवसांत पोहोचवतो. मशीन 29 ला आलं. पण पाया 32 लाच तयार होणार, म्हणून उभारणी 32 ला सुरू आणि मंजुरी 44 ला. सहा दिवसांचे पैसे दिले, तीनच मिळाले. शेजारच्या साखळीचा फ्लोट जेवढा, तेवढंच कमावता येतं. त्यापुढे तीच साखळी क्रिटिकल होते.

मग 42 आणायचं तर? मशीनची साखळी पाच दिवसांनी कमी करायची आणि पायाची दोन दिवसांनी, दोन्ही मिळूनच. क्युरिंगमध्ये माणसं वाढवून काही होत नाही. तिथे बदलायचं तर आधी, काँक्रीटचा ग्रेड किंवा ॲडमिक्श्चर ठरवताना, इंजिनिअरला विचारून. त्यापेक्षा स्वस्त उपाय बहुतेकदा शेवटच्या तीन कामांत असतो, कारण ती दोन्ही साखळ्यांत सामाईक आहेत. तिथला एक दिवस वाचला की पूर्ण एक दिवस मिळतो. ग्राहकाचा क्वालिटीचा माणूस ट्रायलच्या वेळीच शेडवर बोलावला आणि मोजमापाचा अहवाल कोणत्या नमुन्यात हवा ते आधीच विचारून घेतलं, तर मंजुरीचे पाच दिवस तीनवर येऊ शकतात. त्यात पैसे जवळजवळ लागत नाहीत.

सुट्टी, पाणी आणि दुसऱ्याची डायरी

वर सगळे दिवस सलग धरले. प्रत्यक्षात माणसं आठवड्यातून एक दिवस सुट्टीवर असतात, काँक्रीट नसतं. क्युरिंगचे 21 दिवस सुट्टीतही चालू राहतात, पण तीन दिवसांचं ट्रायल सुट्टीच्या आदल्या दिवशी सुरू झालं तर चौथ्या दिवशी संपतं. म्हणून तारखा काढताना क्युरिंग आणि मशीनची वाहतूक यांच्यात दिवस सरळ मिळवा, माणसांच्या कामांना कामाचे दिवस धरा. एक्सेलमध्ये त्यासाठी सूत्र आहे:

```
=WORKDAY.INTL(A1,3,12)
```

A1 मध्ये आधीचं काम संपल्याची तारीख, 3 कामाचे दिवस, आणि 12 म्हणजे साप्ताहिक सुट्टी सोमवारी. रविवार असेल तर 11 लिहा. सणांच्या तारखा वेगळ्या रकान्यात लिहून तो रकाना चौथ्या जागी द्यायचा. दोन दिवसांचा उशीर दिवाळीच्या तोंडावर आला, मजूर गावी गेले, की तो दोन दिवसांचा राहत नाही. हिशोब चुकलेला नसतो. कॅलेंडर घातलेलं नसतं.

पावसाळ्यात उभारणी असेल तर मशीन येण्याच्या ओळीकडे जास्त बारकाईने बघा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद पडला होता. पहिल्या वेळापत्रकात मशीनला सवड शून्य आहे, म्हणजे महामार्ग एक आठवडा बंद राहिला तर 47 चे सरळ 54. त्याच आठवड्यात पायाच्या खड्ड्यात पाणी साचून सात दिवस गेले, तर त्याचा वेगळा दंड नाही: पायाची साखळी 39 ला येईल, मशीन 42 ला, शेवट 54 च. जुलै-ऑगस्टमध्ये मशीन येणार असेल तर ऑर्डरच आधी द्या, पायाचं काम जूनच्या आत उरका.

सगळ्यात जास्त घोळ मात्र पाऊस करत नाही, दुसऱ्याची डायरी करते. मशीन कंपनीचा कमिशनिंग इंजिनिअर बाहेरगावाहून येतो आणि त्याच्या पुढच्या साइट्स ठरलेल्या असतात. त्याचं बुकिंग दिवस 36 सकाळचं आहे, आणि पाया लांबल्याने तुम्ही 38 ला तयार झालात. तो मधल्या वेळेत दुसरीकडे गेला, आता 43 सकाळी येतो म्हणाला. उभारणी 42 नंतर सुरू, 46 ला संपली, ट्रायल 49, मंजुरी 54. पायाचा पाच दिवसांचा उशीर, फ्लोट वजा करून दोन दिवसांचा, आणि शेवटी सात दिवसांचा. 'उशीर वजा फ्लोट' हे सूत्र इथे मोडतं, कारण इंजिनिअर यादीतच नव्हता. त्याला ओळ द्या: 'कमिशनिंग इंजिनिअर उपलब्ध', आणि उभारणीच्या आधीच्या कामांत जोडा. हायड्रा, म्हणजे मशीन उतरवायची क्रेन, एकच असेल आणि त्याच दिवशी शेजारच्या शेडलाही हवी असेल तर तिलाही. तुमचा एकुलता एक इलेक्ट्रिशियन केबल आणि कमिशनिंग दोन्हीकडे लागत असेल, तर कागदावर शेजारी चालणारी कामं प्रत्यक्षात एकामागून एक होतील.

इंजिनिअरचं बुकिंग पक्कं करायची वेळ म्हणजे पायाचं काँक्रीट ओतल्याचा दिवस. त्याआधी केलेलं बुकिंग पायाच्या भरवशावर असतं. काँक्रीट पडल्यावर पुढचे 21 दिवस बदलण्यासारखं फारसं उरत नाही.

दर आठवड्याला काय विचारायचं

'किती झालं?' हा प्रश्न विचारू नका. फिक्स्चरवाला 'नव्वद टक्के झालंय' म्हणेल आणि पुढच्या आठवड्यातही तेच म्हणेल. 'अजून किती दिवस लागतील?' विचारा आणि तो आकडा एक्सेलमध्ये घाला. समजा आज दिवस 26 आहे आणि तो म्हणाला अजून पंधरा दिवस, म्हणजे फिक्स्चर 41 ला. मूळ हिशोबात त्याची मुदत 39 होती, म्हणजे शेवट 49. पण आधीच पाया लांबून ट्रायल 41 वर गेलं असेल तर काहीच हलत नाही. तोच आकडा एका परिस्थितीत दोन दिवस खातो, दुसऱ्यात शून्य, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा पुढून आणि मागून मोजायचं.

प्रत्येक कामाचा फ्लोट गेल्या आठवड्याशी ताडून बघा. फ्लोट शून्यावर आलेलं काम सगळ्यांना दिसतं. दहावरून चारवर घसरलेलं काम कोणाला दिसत नाही, आणि पुढच्या पंधरवड्यात तेच शेवट हलवतं. आपल्या उदाहरणात लोडवाढीची फाइल तशी आहे. दहा दिवसांची सवड बघून कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. अर्जात एखादा कागद कमी निघाला, पुन्हा द्यावा लागला, आणि मंजुरी 34 ला आली, की केबल 39 ला आणि शेवट 51 ला. अर्ज पहिल्याच दिवशी द्यायचा. सवड आहे म्हणून शेवटी सुरू करायचा नाही.

ग्राहकाला तारीख देताना 47 सांगायचं का? हा आकडा प्रत्येक काम सांगितलेल्या दिवसांतच होईल असं धरून आला आहे. उभारणीच्या तोंडाशी तीन साखळ्या एकत्र येतात, आणि दिवस 35 ला सुरुवात व्हायची तर तिन्ही वेळेत असाव्या लागतात. प्रत्येक साखळी दहापैकी आठ वेळा वेळेत येते असं धरलं, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर तिन्ही एकदम वेळेत असण्याची शक्यता 0.8 × 0.8 × 0.8, म्हणजे निम्म्याला जेमतेम ओलांडणारी. त्यामुळे राखीव दिवस प्रत्येक कामात एक-एक दोन-दोन लपवू नका, तिथे ते खर्च होऊन जातात. पाच-सहा दिवस मंजुरीनंतर 'राखीव' म्हणून वेगळ्या ओळीत ठेवा, ग्राहकाला 52 किंवा 53 सांगा, आणि शेडवर सगळ्यांशी 47 च बोला. राखीव ओळीतून दिवस काढायचा अधिकार एकाच माणसाकडे असावा, आणि काढला की कोणत्या कामासाठी काढला ते तिथेच पुढे लिहायचं.